वर्षाच्या मध्यात विभाग बदललेल्या माणसाचं अप्रेझल: दोन मॅनेजर, एक रेटिंग

अप्रेझलच्या फॉर्मवर मॅनेजरच्या सहीसाठी एकच चौकट असते. एखादी व्यक्ती ऑक्टोबरअखेर एका विभागातून दुसऱ्या विभागात गेली, तर मार्चमध्ये त्या चौकटीत आताचा मॅनेजर सही करतो. त्याने पाहिलेले असतात पाच महिने आणि तो रेटिंग देतो बारा महिन्यांचं. आधीच्या मॅनेजरला कोणी विचारलंच तर फोनवर दोन वाक्यं मिळतात: "चांगली होती हो. काही तक्रार नव्हती." सात महिन्यांचं काम त्या दोन वाक्यांत संपतं.

मी पुण्याजवळच्या वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यांमध्ये एचआरचं काम करते. तिथे असे बदल दरवर्षी होतात. लाइन क्वालिटीतून सप्लायर क्वालिटीत, प्रॉडक्शनमधून प्लॅनिंगमध्ये, मेंटेनन्समधून प्रोजेक्टमध्ये. या लेखासाठी मी असंच एक उदाहरण रचलं आहे आणि शेवटपर्यंत तेच धरून चालणार आहे. एक इंजिनिअर एप्रिल ते ऑक्टोबर असे सात महिने असेंब्ली लाइनच्या क्वालिटीत होती. १ नोव्हेंबरपासून ती सप्लायर क्वालिटीत गेली. पहिल्या मॅनेजरने तिला पाचपैकी ४.३ दिले, दुसऱ्याने २.२. उदाहरणातले आकडे मी धरलेले आहेत, पण त्यांतला प्रत्येक पेच मी प्रत्यक्षात पाहिलेला आहे.

बदलीच्या आठवड्यातच पहिला भाग बंद करा

सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम मार्चमध्ये करायचं नसून बदलीच्या वेळी करायचं आहे. बदलीचं पत्र निघालं की पहिल्या मॅनेजरकडून पंधरा दिवसांच्या आत एक बंद-नोंद लिहून घ्यायची. ती दीड-दोन पानांची असली तरी पुरे, पण तिच्यात प्रत्येक उद्दिष्टापुढे चार गोष्टी हव्यात: वर्षाच्या सुरुवातीला आकडा किती होता, बदलीच्या दिवशी किती आहे, त्याला पुरावा कोणता, आणि यातलं कोणतं काम अर्धवट राहून कोणाच्या हाती गेलं.

चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात. आमच्या इंजिनिअरने एखादं फिक्स्चर सप्टेंबरमध्ये सुचवलं, ते डिसेंबरमध्ये बसलं आणि रिजेक्शन जानेवारीत उतरलं, तर त्याचं श्रेय तिच्या जागी आलेल्या माणसाच्या खात्यात जातं. त्याने मुद्दाम लाटलं म्हणून नाही, जानेवारीचा आलेख त्याच्या नावावर आहे म्हणून. बंद-नोंदीत "फिक्स्चरचं डिझाइन पूर्ण, खरेदीची मागणी टाकली, बसवणं बाकी" एवढं एक वाक्य असेल तर मार्चमध्ये कोणालाच भांडावं लागत नाही.

नोंदीबरोबर त्या भागाचं रेटिंगही तेव्हाच घ्यायचं. मार्चपर्यंत थांबलं तर दोनपैकी एक गोष्ट होते. मॅनेजरला माणूस सोडायचा नव्हता, तर मनातली कुरबुर रेटिंगमध्ये उतरते. किंवा माणूस आता आपला राहिलेला नसतो आणि इन्क्रिमेंट आपल्या बजेटमधून जाणार नसतं, म्हणून हात सैल सोडून मार्क दिले जातात. नोव्हेंबरमध्ये लिहिलेलं रेटिंग या दोन्हींपासून शंभर टक्के मुक्त असतं असं मी म्हणणार नाही, पण तेव्हा महिन्याचे अहवाल समोर असतात आणि विसरण्याची सबब नसते.

ही नोंद इंजिनिअरला तेव्हाच दाखवायची आणि तिची सही घ्यायची. तिला मान्य नसेल तर तिचं म्हणणं खाली तिच्याच शब्दांत लिहू द्यायचं. पाच महिन्यांनी तिला पहिल्यांदा कळणारी तक्रार तिला खोडताही येत नाही आणि सुधारताही येत नाही.

कोणाचं वजन किती, हे मार्क बघण्याआधी ठरवा

साधा नियम महिन्यांचा: सात महिने आणि पाच महिने. हा नियम फार हुशार नाही, पण त्याची ताकद अशी की तो कोणालाही मार्क माहीत नसताना ठरवता येतो. एकदा ४.३ आणि २.२ टेबलावर आले की प्रत्येकाला अचानक तत्त्वं आठवतात. पहिला म्हणतो, जास्त महिने माझ्याकडे होती. दुसरा म्हणतो, आताचं काम महत्त्वाचं, पुढे तिला हेच करायचं आहे. दोघांचं बोलणं ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून तर ते मार्चमध्ये ऐकायचं नाही. वजन बदलीच्या पत्रातच लिहून टाकायचं.

महिन्यांचा नियम कुठे सोडायचा? माझ्या मते दोनच ठिकाणी. पहिलं म्हणजे एखादा भाग फारच लहान असेल तेव्हा. केंद्र सरकारच्या वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालाची पद्धत इथे उपयोगी पडते. ज्याला आपल्याकडे अजूनही सगळे सीआर म्हणतात, तोच हा अहवाल. त्यात अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने त्या माणसाचं काम किमान तीन महिने पाहिलेलं असावं लागतं आणि वर्षात दोन अधिकाऱ्यांच्या हाताखाली तेवढं काम झालं असेल तर दोन वेगळे अहवाल लिहिले जातात. खाजगी कंपनीला हा नियम लागू नाही, पण तीन महिन्यांची रेघ समंजस आहे. त्याहून कमी काळ असेल तर त्या मॅनेजरने रेटिंग देऊ नये, फक्त काय पाहिलं ते लिहावं, आणि रेटिंग मोठ्या भागावर ठरवावं.

दुसरं ठिकाण म्हणजे मधला गोंधळाचा काळ. कागदावर १ नोव्हेंबरला बदली, पण प्रत्यक्षात तीन आठवडे सकाळी लाइनवर आणि दुपारी नव्या विभागात, हे आपल्याकडे नेहमीचं आहे. असा काळ तीन-चार आठवड्यांचा असेल तर वजन बदलू नका, पण दुसऱ्या भागाच्या उद्दिष्टांतून तो वगळा. दोन-दोन महिने चालला असेल तर खरी तारीख दोन्ही मॅनेजरांनी मिळून ठरवावी आणि पत्रातली तारीख सोडून तीच धरावी.

नव्या जागेची उद्दिष्टं तिची आहेत की आधीच्या माणसाची?

अन्याय बहुतेक वेळा इथे घडतो आणि त्यात कोणाचाच वाईट हेतू नसतो. नवीन मॅनेजरच्या फाइलमध्ये त्या जागेची वर्षाची उद्दिष्टं आधीपासून असतात. माणूस बदलतो, नाव बदललं जातं, उद्दिष्टं तीच राहतात.

आमच्या इंजिनिअरला सप्लायर क्वालिटीत तीन कामं मिळाली. विक्रेत्यांची ऑडिटं, तीन मोठ्या विक्रेत्यांकडून येणाऱ्या मालाचं रिजेक्शन कमी करणं, आणि नव्या पार्टांच्या पीपॅप फाइली, म्हणजे नियमित उत्पादनाआधी विक्रेत्याने द्यायची कागदपत्रं, मंजूर करणं. ऑडिटांचं वर्षाचं उद्दिष्ट २० होतं, म्हणून पाच महिन्यांचं ८ धरलं. तिने ५ केली. रिजेक्शन एप्रिलमध्ये २,४०० पीपीएम होतं, म्हणजे दर दहा लाख नगांमागे २,४०० नग नाकारले जात होते; ते मार्चपर्यंत १,५०० वर आणायचं होतं. मार्चमध्ये ते १,९०० होतं. मॅनेजरने दोन्हींपुढे २ लिहिले. त्याच्या फाइलप्रमाणे ते बरोबरही होतं.

आता तेच आकडे तिच्या बाजूने मोजू. पीपीएमचं उद्दिष्ट वर्षात ९०० ने उतरवण्याचं, म्हणजे महिन्याला ७५. तिने जागा घेतली तेव्हा आकडा २,३०० होता. आधीच्या सात महिन्यांत तो जेमतेम १०० ने उतरला होता. तिच्या पाच महिन्यांच्या वाट्याला ३७५ येतात आणि तिने ४०० उतरवले. आधीच्या माणसाची राहिलेली थकबाकी तिच्या अंगावर टाकली तरच ती कमी पडते. नव्या माणसाची मोजणी नेहमी त्याने जागा घेतली त्या दिवशीच्या आकड्यापासून सुरू करायची. हे त्या दिवशी लिहून ठेवलं नसेल तर महिन्याच्या अहवालातून काढता येतं, अर्ध्या तासाचं काम आहे.

ऑडिटांचं गणित थोडं वेगळं. नोव्हेंबर हँडओव्हरमध्ये गेला, म्हणून डिसेंबरपासूनचे चार महिने धरले तर वाट्याला साडेसहाच्या आसपास येतात. पहिली दोन ऑडिटं तिला अनुभवी ऑडिटरबरोबरच करायची होती, कारण एकटीने करण्याची परवानगी तिला अजून नव्हती. त्यांच्या तारखा त्या ऑडिटरच्या सोयीने लागल्या. या शिकण्याच्या काळाला सवलत समजू नका. कंपनीने स्वतःहून अननुभवी माणूस त्या जागी नेमला, त्याची किंमत कंपनीने आधीच मान्य केलेली आहे. मात्र त्याला मर्यादाही हवी. मी साधारण दोन महिने धरते आणि किचकट तांत्रिक कामाला तीन. त्यापुढे "अजून शिकतेय" हे कारण दोघांनीही वापरू नये, तिनेही नाही आणि मॅनेजरनेही नाही.

पुरावा एकाच साच्यात मागा

दोन मॅनेजरांची लिहिण्याची धाटणी वेगळी असते. एकजण विशेषणं लिहितो, दुसरा एक्सेल जोडतो. असे दोन कागद शेजारी ठेवले की ज्याच्याकडे आकडे आहेत त्याचं म्हणणं जड वाटतं, मग ते खरं असो वा नसो. म्हणून दोघांकडून सारखंच मागायचं: प्रत्येक उद्दिष्टासाठी आकडा आणि तो कुठून घेतला, आणि वागणुकीबद्दल प्रत्येकी दोन प्रसंग, तारखेसह. "जबाबदार आहे" हा पुरावा नाही. "१४ ऑगस्टच्या रात्रपाळीत टॉर्कची शंका आल्यावर लाइन थांबवली, ११० नग वेगळे काढले, सकाळी अहवाल दिला" हा पुरावा आहे.

तिच्याकडूनही तोच साचा भरून घ्या, दोन्ही भागांसाठी. बदलीच्या भानगडीत काय हरवलं हे सगळ्यात चांगलं तिलाच माहीत असतं. आमच्या उदाहरणात सहावं ऑडिट मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठरलं होतं आणि विक्रेत्याने स्टॉकच्या मोजणीसाठी ते एप्रिलवर ढकललं. तो ईमेल तिनेच काढून दिला. मॅनेजरच्या फाइलमध्ये फक्त "५" होते.

एक चूक दोनदा मोजली जात नाही ना?

डिसेंबरमध्ये ग्राहकाकडून तक्रार आली. माल सप्टेंबरचा होता. ऑगस्टमध्ये कंट्रोल प्लॅन बदलताना एका जोडणीच्या टॉर्क-तपासणीची वारंवारता कमी केली गेली होती आणि तो बदल आमच्या इंजिनिअरने मांडला होता. पहिल्या मॅनेजरने रेटिंग नोव्हेंबरमध्येच दिलं होतं, त्यामुळे ही तक्रार त्यात नव्हती. इकडे तक्रार निवारायला तिलाच बोलावलं. चार दिवस ग्राहकाच्या कारखान्यात आणि मग आठवडाभर एट-डी अहवालात, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत लिहिण्यात, असे कामाचे दहाएक दिवस गेले. तेवढ्या दिवसांत निदान एक ऑडिट झालं असतं. म्हणजे जिथे चूक झाली त्या खात्यात ती दिसलीच नाही आणि जिथे झाली नव्हती तिथे तिचे मार्क कापले गेले.

नियम असा: परिणाम कधीही दिसो, चूक किंवा श्रेय ते काम ज्या भागात झालं त्या भागात मोजायचं, आणि एकदाच. म्हणून बंद-नोंदीला पुरवणी जोडण्याची सोय ठेवावी लागते. तीही दोन्ही बाजूंनी. उशिरा उघडकीस आलेली चूक आत येते, तसं जानेवारीत फळलेलं फिक्स्चरही आत येतं. पुरवणी पहिला मॅनेजर लिहितो, दुसरा नाही, आणि तारीख टाकून लिहितो. जुनं रेटिंग खोडून नवं लिहायचं नाही, दोन्ही दिसली पाहिजेत.

इथे एक सावधपणा हवा. त्या कंट्रोल प्लॅनवर मंजुरीची सही पहिल्या मॅनेजरची होती. आपल्या सहीची चूक गेलेल्या माणसाच्या नावावर टाकणं सोपं असतं, कारण तो टेबलावर नसतो. म्हणून पुरवणीतून रेटिंग खाली येत असेल तर त्या विभागाच्या प्रमुखाने ती वाचल्याशिवाय मी घेत नाही. आमच्या उदाहरणात आम्ही तक्रार फक्त मोजणीत धरली आणि वेगळी शिक्षा म्हणून काही कापलं नाही.

आता बेरीज

पहिल्या भागात तीन उद्दिष्टं होती. लाइनवरचं रिजेक्शन (वजन ५०), ग्राहकांच्या तक्रारी (वजन ३०), ऑपरेटरांचं प्रशिक्षण (वजन २०). रिजेक्शन १.८ टक्क्यांवरून मार्चपर्यंत १.२ वर आणायचं होतं. सात महिन्यांत १.४५ पर्यंत यायला हवं होतं आणि ती १.३ वर होती, म्हणून ४ योग्य आहेत. प्रशिक्षणाचे ४. तक्रारींची वर्षाची मर्यादा ६, म्हणजे सात महिन्यांची साडेतीन. नोव्हेंबरमध्ये मोजल्या तेव्हा २ होत्या म्हणून ५ मिळाले होते. डिसेंबरची धरून ३ झाल्या. मर्यादेच्या आत, पण जेमतेम, म्हणून ३.

आधी: (४ × ५० + ५ × ३० + ४ × २०) ÷ १०० = ४.३
नंतर: (४ × ५० + ३ × ३० + ४ × २०) ÷ १०० = ३.७

दुसऱ्या भागात ऑडिट ४०, पीपीएम ४०, पीपॅप २०. पीपॅपचे ३ दोन्ही वेळा तेच. तक्रारीत गेलेले दिवस वजा केल्यावर ऑडिटांची रास्त अपेक्षा ६ होते. पाच झाली, सहावं विक्रेत्यामुळे पुढे गेलं, म्हणून ३. पीपीएम ३७५ च्या जागी ४००, म्हणजे अपेक्षेप्रमाणे, ३. काहींनी ४ मागितले असते. मी देणार नाही, कारण पहिल्या भागात ४ मिळाले तेव्हा काम अपेक्षेच्या जवळजवळ दीडपट झालेलं होतं. एकाच माणसाच्या दोन भागांना मोजपट्टी एकच हवी.

आधी: (२ × ४० + २ × ४० + ३ × २०) ÷ १०० = २.२
नंतर: (३ × ४० + ३ × ४० + ३ × २०) ÷ १०० = ३.०

आणि बारा महिन्यांचं:

आधी: (४.३ × ७ + २.२ × ५) ÷ १२ = ३.४३
नंतर: (३.७ × ७ + ३.० × ५) ÷ १२ = ३.४१

हा निकाल नीट बघण्यासारखा आहे. एवढी उलथापालथ होऊन वर्षाचा आकडा जवळपास तोच राहिला. मग कशाला हे सगळं? कारण दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. आधीचा कागद म्हणत होता की ती लाइनवर उत्तम होती आणि नव्या जागी अपयशी ठरली. त्या कागदावरून कोणीतरी तिला परत लाइनवर पाठवलं असतं, किंवा पुढच्या वर्षीच्या बढतीच्या चर्चेत "सप्लायर क्वालिटी जमलं नाही" हे वाक्य आलं असतं. नंतरचा कागद म्हणतो की ती लाइनवर चांगली होती, एक चूक झाली, आणि नव्या जागी पाच महिन्यांत ती अपेक्षेला उतरली. दोन्ही माणसं वेगळी आहेत. म्हणून फक्त वर्षाचा आकडा जुळला म्हणून तपासणी सोडायची नाही आणि अंतिम फॉर्मवर दोन्ही भागांचे आकडे वेगवेगळे दिसतील असे ठेवायचे.

पूर्णांक करायचा असेल तर शेवटी एकदाच करा. प्रत्येक भागाचा आधी पूर्णांक केला तर ३.७ चे ४ होतात, आणि ४ व ३ यांची सरासरी ३.५८ येऊन अंतिम रेटिंगही ४ होतं. काम तेच, रेटिंग एका पायरीने वर, निव्वळ एक्सेलच्या सवयीमुळे.

हात सैल आणि हात आखडता

पहिल्या मॅनेजरच्या नऊ जणांच्या टीमची सरासरी ४.१ आहे आणि दुसऱ्याच्या सहा जणांची ३.१, असं दिसलं तर काय करायचं? पहिल्यातून काहीतरी वजा करा आणि दुसऱ्यात मिळवा, असं सुचवणारे भेटतात. नऊ आणि सहा माणसांवर असलं गणित चालत नाही. पहिली टीम खरोखरच चांगली असू शकते. हा फरक मी फक्त धोक्याची घंटा म्हणून वापरते. घंटा वाजली की पहिल्याला प्रत्येक ४ आणि ५ साठी, आणि दुसऱ्याला प्रत्येक १ आणि २ साठी पुरावा मागायचा. पुरावा टिकला तर मार्क टिकतात. वर आपण तेच केलं.

दोघं अगदी उलट बोलतात तेव्हा

आकड्यांचं जमतं, वागणुकीचं अवघड असतं. दोन्ही मॅनेजरांना पाऊण तास एकत्र बसवा. वेगवेगळं बोलून मधे निरोप पोचवणं सोपं वाटतं, पण त्यात एचआरच तिसरं मत बनून बसते. आमच्या उदाहरणात बोलणं असं झालं असतं.

पहिले म्हणतात, "सर, ती निर्णय घ्यायला घाबरत नाही. मी तिला ५ दिलेत."

दुसरे म्हणतात, "माझ्याकडे तर पायरी-पायरीला विचारायला येते. २ च्या वर कसे देऊ?"

इथे ३.५ लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. ३.५ हे मात्र या दोघांपैकी कोणीच पाहिलेलं नाही. प्रसंग मागितले की उलगडतं. लाइन थांबवण्याचा अधिकार तिला लेखी होता, त्यामुळे ती तिथे थांबवत होती. विक्रेत्याचा माल परत पाठवला तर पैसे, गाडीभाडं आणि खरेदी विभागाचे संबंध मधे येतात, आणि कितीपर्यंतचा निर्णय तिचा हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. ती विचारत होती ते बरोबरच होतं. अशा वेळी सरासरी न काढता दोन्ही निरीक्षणं प्रसंगांसह लिहायची आणि पुढे कारण लिहायचं. रेटिंग दुसऱ्या भागासाठी ३ ठरतं, आणि एप्रिलच्या उद्दिष्टपत्रात तिच्या अधिकाराची मर्यादा लिहून येते.

कधी कधी कारण सापडत नाही. दोघंही पुरावा देतात आणि तरी जुळत नाही. मग दोघांच्या वरचा अधिकारी ठरवतो, आणि का ठरवलं ते दोन ओळींत लिहितो. एचआरने हा निर्णय स्वतःकडे घेऊ नये. आम्ही तिचं काम पाहिलेलं नसतं.

बेल कर्व्ह आणि पैसे

जिथे प्रत्येक विभागाला ठरावीकच ४ आणि ५ मिळतात, तिथे नव्याने आलेला माणूस सगळ्यात आधी खाली ढकलला जातो. जुन्या टीमला नाराज करण्यापेक्षा ते सोपं असतं. त्यामुळे वर्षात बदललेल्या माणसांना दोन्ही विभागांच्या कोट्यातून बाहेर ठेवा आणि त्यांचा वेगळा गट करून विभागप्रमुखांनी एकत्र बघावा. गट फारच लहान असेल तर ज्या विभागात जास्त महिने गेले त्या कोट्यात धरा. हेही आधी ठरवायचं.

व्हेरिएबल पे विभागाच्या निकालावर असेल तर दिवसांच्या प्रमाणात वाटा, दोन्ही विभागांचे गुणक लावून. बदलीबरोबर बढतीही झाली असेल तर पहिला भाग जुन्या ग्रेडच्या अपेक्षेवर तोलायचा आणि दुसरा नव्या. वरच्या ग्रेडची फूटपट्टी एप्रिलपासून लावली तर बढती मिळालेला माणूस बढतीमुळेच मागे पडतो.

तिच्याशी बोलताना

बैठक आताच्या मॅनेजरने घ्यावी, पण पहिल्या पंधरा-वीस मिनिटांसाठी आधीच्या मॅनेजरने बसावं आणि आपला भाग स्वतः सांगावा. डिसेंबरच्या तक्रारीबद्दल दुसऱ्या मॅनेजरने बोलणं म्हणजे ऐकीव गोष्ट सांगणं. तिने "पण त्या बदलावर सही कोणाची होती?" असं विचारलं तर उत्तर देणारा माणूस खोलीत असला पाहिजे. मग ते उठून जातात आणि पुढचं बोलणं आताच्या कामावर होतं.

दोन्ही भागांचे आकडे, पुरवणी आणि वजन तिला दाखवा. सरकारी नोकरीत हे आता बंधनकारक आहे. २००८ मध्ये देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकारी कर्मचाऱ्याच्या अहवालातली प्रत्येक नोंद त्याला कळवली पाहिजे, वाईट असो वा चांगली. त्या माणसाला "चांगला" असा शेरा होता, बढतीला मात्र "अतिशय चांगला" लागत होता, आणि शेरा त्याला कळवलाच गेला नव्हता. आपल्या इंजिनिअरच्या ३.४१ चंही तसंच आहे. वरवर ते ठीक दिसतं, पण पुढच्या बढतीला कंपनीत ४ लागत असतील तर तिला ते आज कळायला हवं, आणि कोणत्या भागात किती कमी पडलं तेही.

आधीचा मॅनेजरच कंपनी सोडून गेला असेल तर

बंद-नोंद असेल तर काही अडत नाही. नसेल तर गेलेल्या माणसाला फोन करून रेटिंग मागू नका. त्याच्यावर आता कसलीही जबाबदारी नाही आणि त्याच्या शब्दाला कागदाचा आधार नाही. त्याऐवजी त्या सात महिन्यांचे मासिक अहवाल, तक्रारींची नोंदवही, प्रशिक्षणाच्या हजेऱ्या आणि सहामाही आढावा झाला असेल तर तो, एवढं काढा. त्या विभागाच्या प्रमुखाने ते वाचून पहिल्या भागाचं रेटिंग द्यावं आणि फॉर्मवर "कागदपत्रांवरून" असं लिहावं. ज्या उद्दिष्टाचा कागदच मिळत नाही, ते मोजणीतून काढून त्याचं वजन उरलेल्यांत वाटा. त्या जागी ३ भरू नका. न मोजलेल्या कामाला ३ दिले की चांगलं काम केलेल्याचे मार्क कमी होतात आणि वाईट काम केलेल्याचे वाढतात, आणि फॉर्म बघणाऱ्या कोणालाच ते कळत नाही.